एक फुल, दोन हाफ

"आठ चाळीसची गेली का हो, काका?"

"नाही, यायचीय अजून. बसा."

"नऊला पाच कमी आहेत. बोर्डावर तर आठ चाळीस लिहिलंय."

"बोर्ड रंगवणाऱ्याला काय, त्याला थोडीच गाडी न्यायचीय. येईल. बॅग खाली नका ठेवू, तिथं ओल आहे. बाकावर ठेवा."

"नको, मांडीवरच बरी. ते बघा, दिवे दिसतायत."

"ट्रक आहे तो."

"इतक्या लांबून?"

"आवाजावरून. एकतीस वर्षं गाडीतच गेली माझी. कंडक्टर होतो."

"अच्छा."

"का हो, एकदम गप्प झालात? सुट्ट्या पैशांवरून भांडलात वाटतं कधी कंडक्टरशी."

"मी नाही. पण आमच्या घरात एका कंडक्टरला चाळीस वर्षं शिव्या घातल्यात."

"एकालाच? मग तो नशीबवान. आम्ही दिवसाला चाळीस खायचो. काय केलं होतं त्यानं?"

"सोडा. जुनं आहे."

"जुनंच असतं सगळं. बरं, सोडलं."

"काका, एक विचारू? मधल्या थांब्यावर गाडी थांबते, माणसं उतरतात, पाणी पितात. परत निघताना तुम्ही मोजता का?"

"मोजतो ना. म्हणजे मोजायचं असतं. पूर्वी पत्र्याचा ट्रे असायचा, त्यात तिकिटांचे गठ्ठे. कुठल्या गठ्ठ्यातली किती फाडली ते वेबिलवर चढवायचं. गाडीत किती डोकी आहेत ते वेबिल बघितलं की कळतं. मग मागून पुढे चालत जायचं, मोजत. जुळलं की दोरी ओढायची. दोनदा."

"दोनदा का?"

"दोन म्हणजे चल, एक म्हणजे थांब. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही हो. त्याला फक्त बेल कळते."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर थांबायचं. खाली उतरून हाका मारायच्या."

"नेहमी थांबायचात?"

"तुम्ही शाळेत शिकवता का?"

"नाही. का?"

"विचारता तशा."

"मी रक्त तपासते. लॅबमध्ये आहे. तुम्ही उत्तर नाही दिलंत."

"नेहमी नाही. एकदा नाही थांबलो."

"कधी?"

"झाली बरीच वर्षं. गाडी पाऊण तास लेट होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, लोक ओरडतायत. मी मोजलं, एक कमी. परत मोजायला हवं होतं. म्हटलं, झाली असेल चूक, कुणीतरी वाकलं असेल सीटखाली. ओढली दोरी."

"दोनदा."

"दोनदा. चार-पाच किलोमीटर गेल्यावर एक पोरगं सीटवरून उठलं. सहा-सात वर्षांचं. म्हणालं, माझे पप्पा कुठे आहेत?"

"मग?"

"मग काय. गाडी मागे घेता येत नाही तशी. घेता आली असती खरं म्हणजे. नाही घेतली. शेवटच्या स्टँडवर त्याला कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसवलं, त्यांना सांगितलं, मागच्या गाडीनं बाप येईल. आणि परतीच्या ट्रिपला निघालो."

"आला का बाप?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. नंतर त्या लाइनवर ड्यूटीच नाही लागली. असं म्हणतो मी लोकांना. खरं सांगायचं तर लागली होती, मी बदलून घेतली."

"केबिनमध्ये बाक होता. हिरव्या रंगाचा. त्याचा एक पाय छोटा होता, म्हणून खाली वीट लावलेली."

"काय म्हणालात?"

"मी नऊ वर्षांची होते, काका."

"थांबा. थांबा जरा. तुम्ही... पण तो मुलगा होता."

"माझा भाऊ सहा वर्षांचा होता."

"दोघं होतात?"

"दोघं. मी त्याचा हात धरून बसले होते. शर्टाचं टोक चावत होता तो."

"नाही मग. ते पोरगं एकटंच होतं. खिडकीशी, डाव्या बाजूला. शेजारची सीट रिकामी, त्यावर बापाची टोपी."

"नीट आठवा. मी झोपलेली असेन."

"ताई, एक फुल एक हाफ होतं. मीच फाडलेली तिकिटं. विसरण्यातली नाहीत ती."

"हं."

"तुम्हाला वाटलं, सापडला तो."

"तुम्हालाही वाटलं."

"वाटलं. छातीत धडधडायला लागलं होतं. म्हटलं, निदान पोरगं मोठं झालं, लॅबमध्ये नोकरीला लागलं."

"आमचे बाबा फिरकीचा तांब्या घेऊन उतरले होते. पाणी आणतो म्हणाले. गाडी सुटली. मागच्या गाडीनं आले नाहीत. त्याच्या मागच्याही नाही. रात्री मामा येऊन आम्हाला घेऊन गेला."

"अपघात वगैरे?"

"शोधलं सगळ्यांनी. आई मरेपर्यंत एकच म्हणायची, त्या मेल्या कंडक्टरनं घाई केली. भाऊ अजून म्हणतो. बसमध्ये चढला की कंडक्टरच्या तोंडाकडे बघत नाही."

"बरोबर आहे त्याचं."

"बरोबर नाही. मी मागच्या काचेतून बघत होते. धूळ होती, पण दिसत होतं. बाबा उभे होते नळापाशी. गाडी हलली तेव्हा त्यांनी गाडीकडे बघितलं. हाक मारली नाही, हात केला नाही. एक पाऊलसुद्धा पुढे टाकलं नाही. तांब्या खाली ठेवला फक्त."

"माणूस गडबडतो हो कधी कधी. पाय उचलत नाहीत."

"असंच म्हणायचे सगळे. म्हणजे मी एकदाच सांगितलं, आईला. तिनं माझ्या कानाखाली वाजवली. परत नाही बोलले कुणाला."

"आज मला सांगताय."

"तुम्ही कंडक्टर होतात म्हणून. ह्या बॅगेत काहीतरी आहे. बघाल? त्या दिव्याखाली या जरा."

"काय आहे? पाकीट?"

"हळू. फाटतील. बाबांनी माझ्या फ्रॉकच्या खिशात ठेवली होती. म्हणाले, चेकर आला तर दाखव."

"अरे देवा. तिकिटं. गठ्ठ्यातली जुनी."

"शाई उडालीय. काही वाचता येत नाही. भोकं तेवढी राहिलीत. ती वाचता येतात का?"

"कडेला टप्प्यांचे आकडे असायचे. ज्या टप्प्यापर्यंत जायचं त्यावर पंच मारायचा. आकडे गेले तरी भोक कुठंय त्यावरून... चष्मा कुठे ठेवला मी?"

"डोक्यावर."

"हां. ही दोन छोटी, हाफ. ही एक फुल."

"तेवढं कळतं मला."

"फार जुनी आहेत, ताई. कागद आक्रसतो. सांगता नाही येणार."

"काका."

"खरंच नाही दिसत."

"तुम्ही आत्ता एकावर एक ठेवून बघितलीत. मी बघत होते तुमच्या हाताकडे. एकतीस वर्षं पंच मारलाय तुम्ही."

"काय करायचंय कळून?"

"मी रोज लोकांना रिपोर्ट देते. वाईट असला तरी देते."

"हाफची दोन्ही भोकं एकाखाली एक येतात. खाली, शेवटाकडे."

"आणि फुलचं?"

"वर आहे. बरंच वर."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं तिकीट शेवटपर्यंत होतं. त्यांचं मधल्या थांब्यापर्यंतच."

"..."

"बसा. बसा खाली. पाणी आहे का तुमच्याकडे?"

"आहे. नको."

"कंडक्टरची चूक होते कधी कधी. गर्दीत पंच भलतीकडे बसतो."

"तुमचा किती वेळा बसला?"

"फार नाही."

"म्हणजे त्याचा हिशेब जुळला होता. त्यानं मोजलं, तेव्हा एकही कमी नव्हता."

"नव्हता. वेबिलप्रमाणे त्यांचा प्रवास संपला होता."

"चाळीस वर्षं, काका. तो बिचारा कुठे असेल. मला माफी मागायची होती त्याची. तुमचं ऐकलं तेव्हा म्हटलं, हेच ते, आत्ता म्हणून टाकावं."

"म्हणा मग."

"तुम्ही ते नाही आहात."

"नसलो म्हणून काय झालं. त्याचं मी ऐकून घेतो."

"चुकलं आमचं."

"राहू द्या. त्यानं मनावर घेतलं नसणार."

"तुमच्या त्या टोपीवाल्याचं तिकीट?"

"शेवटपर्यंतचं. म्हणून तर. मला तुमच्यासारखी सोय नाही."

"म्हणजे तो धावला असेल."

"धावलाच असणार. मी मागे बघितलं नाही."

"मग आला असेल तो मागच्या गाडीनं. धावणारे येतात."

"हं. येत असतील. एवढ्या रात्रीचं निघालात कुठे तुम्ही?"

"भावाकडे. मागच्या महिन्यात त्याला फोन आला, एका वृद्धाश्रमातून. बाबा सापडले. घेऊन आलाय घरी."

"जिवंत आहेत?"

"ऐंशी पार. काही आठवत नाही, मुलाला ओळखत नाहीत. दिवसभर एकच विचारतात. 'गाडी सुटली का?' भाऊ फोनवर रडतो. म्हणतो, बघ, बिचारे अजून तिथेच उभे आहेत, अजून गाडी पकडायला बघतायत."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"एकदाची सुटावी म्हणून वाट बघत असतील."

"दाखवणार त्याला ही तिकिटं?"

"तुम्ही असतात तर?"

"मी काय सांगणार. मी साधं विचारायला गेलो नाही त्या पोराचं."

"हीच का ती? येतेय ती?"

"हीच. चला, उठा. पाकीट आत घाला आधी. नीट. चेन लावा."

"तुम्हीही याच गाडीला?"

"याच. मुलीकडे राहतो, चार थांबे. पुढच्या दारानं नका, मागून चढा. बॅग द्या इकडे."

"तुम्ही बसा खिडकीशी."

"तुम्ही बसा. मला आता बाहेरचं बघायचं काही राहिलं नाही."

"तिकीट मी काढते दोघांचं."

"माझा पास आहे. तुमचं काढा. कुठपर्यंत ते नीट सांगा त्याला."

"शेवटपर्यंतचंच आहे."

"हं."

"हललीच ना आत्ता गाडी? परत का थांबली?"

"एक बेल झाली. ऐकली नाहीत?"

"कुणी राहिलं वाटतं."

"बघा मागच्या काचेतून. मला मान वळत नाही."

"अंधार आहे. हां, येतंय कुणीतरी. बाई आहे. हातात चप्पल घेऊन पळतेय."

"चढली?"

"चढतेय. हो, चढली."