पुरणपोळी केक : रीलचे पहिले 3 सेकंद

0 ते 1 सेकंद
कॅमेरा अगदी जवळ. केकचा तुकडा, मधोमध पुरणाचा पिवळाधमक थर. पळीतून तुपाची धार पडते. लोगो नाही, नमस्कार नाही, गाणंही नाही.

पडद्यावर, ठळक: केकवर तूप?!

1 ते 3 सेकंद
तूप थरात मुरतं, उरलेलं कडेने ओघळतं. काटा खाली उतरतो.

आईचा आवाज, ओट्यापाशी बोलते तसा:
"पुरणपोळीवर घेता ना? मग!"

पडद्यावर: होळीसाठी पुरणपोळी केक

ताई, शूट करताना एवढं बघ. तूप चांगलं गरम, पातळ हवं. मागच्या वेळी ते गार होऊन पांढरट दिसलं आणि सगळी मजा गेली. अक्षरं मधोमध ठेव, खाली कॅप्शनमागे झाकली जातात. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून आईचं वाक्यही लिहूनच टाक. पण ते तिच्याकडूनच म्हणवून घे, मी म्हटलं तर जाहिरात वाटते. जायफळ, वेलची, अर्धा किलोचा भाव, ऑर्डर कधीपर्यंत, हे सगळं चौथ्या सेकंदानंतर.