विषय: मंगळवारची बैठक चुकल्याबद्दल दिलगिरी, गुरुवारी सकाळी येऊ का?

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

काल, मंगळवारी १४ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता खेडगावला तुमच्या ओट्यावर बैठक ठरली होती आणि मी आले नाही. वेळ मीच मागितली होती, पण डायरीत ती बुधवारच्या पानावर लिहिली गेली. तुमचा फोन आला तेव्हा मी कोल्ड स्टोरेजमध्ये होते, तोही घेता आला नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. ऐन छाटणीत, मजूर बागेत सोडून गटातली मंडळी थांबून राहिली याचं फार वाईट वाटतं. त्यांनाही माझी दिलगिरी कळवा, आल्यावर मी स्वतः बोलेनच.

उद्या, गुरुवारी १६ तारखेला सकाळी साडेआठला आले तर चालेल का? शुक्रवारी वसुबारस आहे, तिथून भाऊबीजेपर्यंत कुणाला बोलावणं बरं दिसत नाही. उद्या फवारणी असेल तर दुपारी चारनंतर येते. तेही जमत नसेल तर दिवाळीनंतर शनिवारी, २५ तारखेला सकाळी. पण खरं सांगायचं तर तोवर थांबू नये असं मला वाटतं. ज्यांची छाटणी आधी झाली आहे त्यांच्या बागांत डाऊनीची औषधं सुरू झाली असतील. कोणतं औषध चालतं आणि काढणीआधी किती दिवस बंद करायचं, हे आताच ठरलं तर पुढे रेसिड्यूच्या तपासणीत माल अडकत नाही. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीच्या छापील प्रती सगळ्यांसाठी घेऊन येते.

दराचं बोलणं तुमच्यासमोरच करू, मेलवर नको. कराराचा मराठी मसुदा मात्र सोबत जोडला आहे. त्यातलं पैसे देण्याच्या मुदतीचं कलम आधी वाचून ठेवा. गेल्या हंगामात तुमची तक्रार त्यावरच होती आणि ती रास्त होती.

ग्रेपनेटच्या नोंदणीसाठी सातबारा आणि फवारणीची वही लागेल. काल सगळ्यांनी कागद आणले होते असं कळलं. ते पुन्हा गोळा करायला लावत नाही; तुमच्याकडे ठेवले असतील तर तिथेच फोटो काढून घेते. दोन भावांच्या सामाईक गटात प्लॉटचं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही, तेवढ्या दोघांना मात्र थांबायला सांगा.

उद्याचं जमेल की नाही, एवढं आज संध्याकाळपर्यंत फोनवर सांगितलंत तरी पुरे, मेलला उत्तर लिहीत बसू नका. निघताना पिंपळगावहून फोन करते.

कळावे,
आपली नम्र,
सुवर्णा
माल खरेदी विभाग, पॅकहाउस, पिंपळगाव बसवंत