‘धुऱ्यापल्याड’च्या हिंदी सबटायटलबाबत तक्रार

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : ‘धुऱ्यापल्याड’ मालिका, भाग ४ : वऱ्हाडी संवादांच्या चुकीच्या हिंदी सबटायटलमुळे प्रसंगाचा अर्थ बदलल्याबाबत.

महोदय,

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे आणि आपल्या ॲपचा वार्षिक वर्गणीदार आहे. माझी सून बैतूलची. तिला मराठी समजते, पण पात्रं भराभर वऱ्हाडी बोलायला लागली की तिची नजर खालच्या हिंदी ओळींवर जाते. चौथा भाग संपल्यावर तिने विचारले, “बाबूजी, ये दोस्त जमीन का दलाल है क्या?”

तो दलाल नाही. मित्राचे शेत वाचवायला तो धावत गेलेला आहे. आपल्या सबटायटलने त्याला दलाल केले.

प्रसंग १८व्या मिनिटाला सुरू होतो. शेतमालकाची बायको त्याच्या या मित्राला फोन करते, “हे दर्यापूरले गेले. वावर इकून राह्यले.” म्हणजे शेत विकायला निघाले आहेत, खरेदी अजून व्हायची आहे. खाली ओळ येते : “वे दर्यापुर गए। खेत बेच दिया।” इथेच सगळे बिघडले. शेत विकले गेलेच असेल, तर तो माणूस मोटारसायकल काढून दुय्यम निबंधक कार्यालयाकडे सुसाट जातो कशाला? हिंदी वाचणाऱ्याला त्याचे एकच कारण दिसते, पैसा. गंमत अशी, की ‘इकून राह्यले’ हा हिंदीतल्या ‘बेच रहे हैं’चा सख्खा भाऊ आहे. शब्दाला शब्द ठेवला असता तरी बरोबर आले असते!

पुढे कार्यालयाच्या पायऱ्यांवर तो मित्राची कॉलर धरतो आणि म्हणतो, “काहून बे भैताडा, मले सांगाले काय झालतं?” आपली ओळ : “अबे कमीने, मेरा हिस्सा क्यों छुपाया?” हिस्सा हा शब्द कोणी काढला? मूळ संवादात पैशाचे नावही नाही. आमच्याकडे बरोबरीच्या दोस्ताला ‘बे’ म्हणायला राग यावा लागत नाही, आणि भैताड, म्हणजे वेडा, तर आई लेकरालाही म्हणते. त्या नटाने ते वाक्य रडवेल्या आवाजात म्हटले आहे. आवाज बंद ठेवून भाषांतर केले की काय, अशी शंका येते. त्यानंतर शेत विकायला आलेला मित्र खाली मान घालून दस्ताचे कागद पिशवीत परत ठेवतो. मराठीत ती मायेपुढची माघार आहे, हिंदीत पकडला गेलेला चोर. दिग्दर्शकाने असे चित्र काढलेले नाही.

याच भागात आधी शेजारी विचारतो, “चुकारे झाले काय?” त्याखाली “गलतियाँ हुईं क्या?” असे आहे. चुकारे म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. ते अडकले म्हणून तर हा गडी शेत विकायला निघाला. कथेचा पायाच त्या ओळीत आहे. ‘बाप्पा बाप्पा!’ या आश्चर्याच्या उद्गाराखाली “हे गणेशजी!” लिहिले आहे, ते हसून सोडून देता येते.

आपल्या ॲपमध्ये सबटायटलची तक्रार नोंदवताना ‘दिसत नाही’ किंवा ‘वेळ जुळत नाही’ एवढेच पर्याय आहेत. अर्थ चुकल्याचे कुठे सांगावे? म्हणून हे पत्र.

माझी मागणी अशी. फोनवरच्या ओळीत “दर्यापुर गए हैं। खेत बेच रहे हैं।”, पायऱ्यांवर “क्यों रे बावले, मुझे बताने में क्या हो जाता?” आणि शेजाऱ्याच्या तोंडी “कपास के पैसे मिले क्या?” अशी दुरुस्ती करावी. बाकीचे भागही वऱ्हाडी कानावर पडलेल्या माणसाकडून मूळ आवाज ऐकत तपासून घ्यावेत. असा माणूस मुंबईत सापडत नसेल, तर अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. सबटायटल करणाऱ्यावर कारवाई करा, असे माझे म्हणणे नाही. त्याला बहुधा नुसता मजकूर मिळाला असेल, प्रसंग पाहायला मिळाला नसेल. तसे असेल तर आपली पद्धत बदला.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये प्रकाशकाच्या तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत निर्णय द्यावा अशी तरतूद आहे. तेवढ्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. दुरुस्त भाग कधी दिसेल, ती तारीखही कळवावी. सूनबाईला तो पुन्हा पाहायचा आहे, आणि तिच्या माहेरचेही पाहणार आहेत.

आपला,
वासुदेव गावंडे
मु. पो. येवदा, ता. दर्यापूर, जि. अमरावती