डिचोलीच्या काजू कारखान्याला भेटीचं निमंत्रण

साहेब, सप्रेम नमस्कार.

फोनवर ठरल्याप्रमाणे येत्या मंगळवारी, 18 तारखेला आमचा कारखाना पाहायला जरूर या. सोमवारी रात्री मुंबईहून कोकणकन्या धरा आणि मडगावपर्यंत न जाता थिवीला उतरा. स्टेशनबाहेर आमची पांढरी व्हॅन उभी असेल. विमानाने आलात तर मोपाचं तिकीट काढा, दाबोळी लांब पडतं.

साडेअकराला चहा, मग वाफवणी, फोडणी आणि सोलणी क्रमाने पाहू. जेवणानंतर प्रतवारी. डब्ल्यू-320 चा डबा तुम्हीच निवडा, समोर फोडू, पौंडाला 300 ते 320 गर भरतात का ते मोजून घ्या. दराचं बोलणं त्यानंतरच.

फोडणी विभागात टरफलाचं तेल उडतं, कातडीला लागलं की फोड येतात. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट हवेत, चप्पल चालणार नाही. हातमोजे, टोपी आम्ही देऊ. अंगठी, घड्याळ ऑफिसात काढून ठेवावं लागेल. मालकही काढतात! सोबत येणाऱ्या कोणाला काजूची ॲलर्जी असल्यास आधी कळवा.

परतीची गाडी संध्याकाळची असल्यास थिवीला सोडू. मुक्काम करणार असाल तर म्हापशात खोली धरतो. शनिवारपर्यंत किती जण येताय तेवढं सांगा, जेवणात मासे की शाकाहारी तेही.

आपला,
कारखाना व्यवस्थापक