घटक चाचणी: इस्लामचे पाच स्तंभ
इयत्ता नववी, समाज विज्ञान, मराठी माध्यम, खानापूर तालुका
एकूण गुण 20, वेळ 40 मिनिटे

विद्यार्थ्यांसाठी

पुस्तक उघडे ठेवले तरी चालेल. शहादा, नमाज, जकात, रोजा आणि हज ही पाच नावे त्यात आहेत, ती पाठ आहेत का हे आम्हाला बघायचे नाही. प्रत्येक प्रश्नात एक प्रसंग दिला आहे. आधी तो नीट वाचा, मग पर्याय बघा. प्रश्न 4 ला 4 गुण आहेत, बाकीच्यांना प्रत्येकी 2. पर्यायापुढे एका ओळीत कारण लिहायचे आहे. निम्मे गुण कारणाला आहेत. घरी कोण काय पाळतो ते कोणीही लिहायचे नाही.

प्रश्न 1. बेळगावात एका हौशी नाट्यस्पर्धेत गणेशने मुस्लिम व्यापाऱ्याची भूमिका केली. एका प्रवेशात त्याने कलमा अगदी शुद्ध उच्चारात म्हटला: अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही, मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत. अर्थही त्याला ठाऊक होता. पडदा पडल्यावर मित्र चेष्टेने म्हणाला, "आता तू मुसलमान झालास की!" तसे झाले का?

अ) हो, कारण अर्थ ठाऊक असताना शब्द उच्चारले.
ब) नाही, कारण कलमा मशिदीत मौलवींसमोर म्हटला नव्हता.
क) नाही, कारण शहादा म्हणजे स्वतः मनापासून मानून दिलेली साक्ष, आणि गणेश पात्राचे संवाद म्हणत होता.
ड) नाही, कारण कलम्याआधी त्याने नमाज पढली नव्हती.

प्रश्न 2. सायराच्या गावातल्या मशिदीत नमाजला पश्चिमेकडे तोंड करतात. तिचे मामा नोकरीसाठी लंडनला गेले. तिथे ते कुठे तोंड करतील? (नकाशा पाहा.)

अ) पश्चिमेला, कारण दिशा ठरलेली आहे.
ब) आग्नेयेला.
क) सूर्य मावळतो तिकडे.
ड) भारताच्या दिशेने.

प्रश्न 3. एप्रिलमध्ये जांबोटीच्या जंगलात सहल गेली होती. ओढा आटलेला, बाटलीत पिण्यापुरतेच पाणी, आणि नमाजची वेळ संपत आलेली. रेहानाने स्वच्छ मातीवर तळवे टेकवले, ते चेहऱ्यावरून व हातांवरून फिरवले आणि नमाज पढली. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, मातीने कधी हात स्वच्छ होतात का?" सर्वांत पटणारे उत्तर कोणते?

अ) माती पाण्यापेक्षा जास्त जंतू मारते.
ब) हे तात्पुरते असते, घरी जाऊन तीच नमाज पुन्हा पढावी लागते.
क) अडचणीत शुद्धीची अट रद्दच होते, मातीचा हात फिरवणे ही केवळ सवय.
ड) वुजू, म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय धुणे, ही स्वच्छतेबरोबर उपासनेची तयारीही आहे. पाणी नसेल तर तयारीचे रूप बदलते, तयारी चुकत नाही.

प्रश्न 4. (4 गुण) वडगावातल्या एका यंत्रमागवाल्याचा वर्षाअखेरचा हिशेब असा:

रोख व बँकेत: 3,00,000 रुपये
विक्रीसाठी तयार साड्या: 5,00,000 रुपये
माग आणि यंत्रे: 8,00,000 रुपये
राहते घर: 20,00,000 रुपये
सुताच्या व्यापाऱ्याचे लगेच द्यायचे देणे: 2,00,000 रुपये

निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मालमत्ता, ओलांडली आहे आणि तिला एक चांद्रवर्ष झाले आहे असे धरा. हनफी पद्धतीने त्याची जकात किती?

अ) 15,000 रुपये
ब) 20,000 रुपये
क) 40,000 रुपये
ड) 90,000 रुपये

प्रश्न 5. हीच जकात त्याला कोणाला देता येईल?

अ) मुलीच्या कॉलेजच्या फीला
ब) आईच्या औषधपाण्याला
क) मशिदीच्या रंगरंगोटीला
ड) निपाणीत विड्या वळून कसेबसे घर चालवणाऱ्या विधवा चुलत बहिणीला

प्रश्न 6. रमजानमधला एक दिवस. यांपैकी कोणाचा रोजा त्या दिवसापुरता पूर्ण धरला जाईल?

अ) दवाखान्यात तपासणी होती म्हणून पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत उपाशी राहिलेला, रोजाचा विचारही न केलेला माणूस.
ब) शाळेतून आल्यावर सवयीने माठातले पाणी प्यायलेला, रोजा आठवताच तांब्या खाली ठेवणारा मुलगा.
क) सूर्यास्ताला दहा मिनिटे बाकी असताना "एवढ्याने काय होतंय" म्हणून खजूर तोंडात टाकणारा.
ड) ताप चढला म्हणून दुपारी गोळी घेतलेली बाई.

प्रश्न 7. 2016 मध्ये आपल्याकडे रमजान 7 जूनला सुरू झाला, 2026 मध्ये 19 फेब्रुवारीला. गणेश चतुर्थी मात्र 2016 मध्ये 5 सप्टेंबरला होती आणि 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. दोन्ही सण चंद्राच्या महिन्यांवरच चालतात. मग हा फरक का?

अ) रमजानला चंद्र डोळ्यांनी बघतात, त्यात चूक होत होत तारीख सरकते.
ब) उन्हाळा टाळण्यासाठी रमजान मुद्दाम अलीकडे आणला जातो.
क) आपल्या पंचांगात अधिक महिना घालून चंद्राचे वर्ष ऋतूंशी जुळवून घेतात, इस्लामी कालगणनेत तसा महिना घालत नाहीत.
ड) इस्लामी महिना आपल्या महिन्याहून दहा दिवसांनी लहान असतो.

प्रश्न 8. एक गवंडी पाचही वेळा नमाज पढतो, रमजानचे रोजे ठेवतो. शिल्लक काहीच नाही. काम मिळेल त्या दिवशी चूल पेटते. जकात त्याने कधी दिली नाही, हजला तो कधी जाऊ शकणार नाही. त्याचा धर्म अपुरा राहिला का?

अ) नाही. जकात आणि हज ऐपत असणाऱ्यावरच बंधनकारक आहेत.
ब) हो, पाचपैकी दोन राहिले.
क) नाही, पाचपैकी कोणतेही तीन पाळले की पुरते.
ड) हो, निदान कर्ज काढून तरी हज करायला हवी.

प्रश्न 9. अथणीचा एक शेतकरी ऊसबिल हातात आल्यावर मक्केला गेला. तो महिना जिलहज नव्हता. शिवण नसलेल्या दोन पांढऱ्या चादरी गुंडाळल्या, काबागृहाला सात फेऱ्या घातल्या, सफा आणि मरवा या टेकड्यांमधले अंतर सात वेळा कापले, केस उतरवले आणि घरी आला. गावात लोक त्याला हाजी म्हणू लागले. बरोबर आहे का?

अ) हो, काबागृहाचे दर्शन म्हणजेच हज.
ब) नाही. हा उमरा झाला. हज जिलहज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांतच होते, आणि 9 तारखेला अरफातच्या मैदानात थांबल्याशिवाय ती होत नाही.
क) नाही, कारण तो मदिनेला गेला नाही.
ड) हो, फक्त कुर्बानी राहिली, ती गावात देता येईल.

---

शिक्षकांसाठी उत्तरे आणि टिपणे (विद्यार्थ्यांना वाटू नये)

1 क, 2 ब, 3 ड, 4 अ, 5 ड, 6 ब, 7 क, 8 अ, 9 ब.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या वर्गात मुस्लिम आणि बिगरमुस्लिम मुले एकाच बाकावर बसतात. "फजरची नमाज किती रकातींची" असले विचारले तर घरी शिकलेला मुलगा न वाचता गुण घेतो आणि शेजारचा उगाच मागे पडतो. म्हणून लागेल ती माहिती प्रसंगातच घातली आहे. पर्यायांत कोणाचीही टिंगल होईल असे काही ठेवलेले नाही. चुकीचा पर्यायसुद्धा कोणीतरी प्रामाणिकपणे मानतो असाच आहे.

प्रश्न 1. बरीच मुले 'अ' निवडतील, कारण पुस्तकात "कलम्याचा उच्चार" असे शब्द असतात. प्रसंगात "अर्थही त्याला ठाऊक होता" हे मुद्दाम घातले आहे. अर्थ कळणे आणि ते स्वतःचे म्हणून मानणे यांतले अंतर मुलाच्या कारणात दिसले पाहिजे. 'ब'ला भुलणारा मुलगा शहादेला दीक्षाविधी समजतो. त्यासाठी मौलवी किंवा मशीद लागत नाही, हे त्याला सांगावे.

प्रश्न 2. नमाजला काबागृहाकडे तोंड करतात, ते मक्केत आहे आणि बेळगावाहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येते. लंडनहून ती आग्नेयेला. 'अ' आणि 'क' हे दोन्ही "पश्चिम हीच दिशा पवित्र" या एकाच गैरसमजातून येतात. 'ड' फार कमी मुले निवडतील; कोणी निवडलाच तर नकाशावर मक्का कुठे आहे हे त्याला आधी दाखवा.

प्रश्न 3. या विधीला तयम्मुम म्हणतात. शब्द सांगायची घाई नको, आधी कल्पना पोचू द्या. 'अ' हा विज्ञानाचा मुलामा आहे आणि हुशार मुलेच त्याला फसतात.

प्रश्न 4. इथे वेळ द्या. चारही पर्यायांत मुलाची वाट दिसते. 90,000 लिहिणाऱ्याने दिसेल ते सगळे जोडले: घर, माग, साड्या, रोख. 40,000 वाल्याने घर वगळले पण माग धरले, त्याला विचारा, "माग विकायला आहेत की कामाला?" 20,000 वाल्याला रोख आणि विक्रीचा माल हे बरोबर कळले, फक्त देणे वजा करायचे राहिले, त्याला 4 पैकी 2 द्यावेत. बरोबर हिशेब असा: 3,00,000 अधिक 5,00,000 उणे 2,00,000 म्हणजे 6,00,000, त्याचे अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग, 15,000. जकात कमाईवर नसून साठून राहिलेल्या आणि वाढणाऱ्या धनावर आहे, एवढे मुलाला उमगले की प्रश्नाचे काम झाले. देणे वजा करण्याबाबत आणि दागिन्यांबाबत मजहबांमध्ये, म्हणजे हनफी, शाफई अशा धर्मशास्त्राच्या परंपरांमध्ये, मतभेद आहेत, म्हणून "हनफी पद्धतीने" हे शब्द प्रश्नातून काढू नका. शाफई कुटुंबातली मुले वर्गात असतील आणि त्यांचे घरचे उत्तर वेगळे असू शकते.

शेतकऱ्यांची मुले पिकाचे विचारणारच. पिकावरच्या भागाला उश्र म्हणतात: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. मोटर, डिझेल आणि पाणीपट्टी ज्याच्या खिशातून जाते त्याच्यावर भार निम्मा. मुलांना हे चटकन पटते.

प्रश्न 5. आईवडील आणि मुले यांना सांभाळणे हे आधीच कर्तव्य आहे, ते जकातीच्या पैशांत बसवता येत नाही. हनफी मताने जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून मशिदीचा रंगही बसत नाही. चुलत बहीण नात्यातली असली तरी चालते, उलट नात्यातल्या गरजूला आधी द्यावे असे मानतात. "नातेवाईक म्हणून नको" असे लिहून 'क' निवडणारा मुलगा वशिल्याचा विचार करतोय. त्याचे कारण वर्गात वाचून दाखवा, चर्चा चांगली होते.

प्रश्न 6. 'ब'मधला मुलगा विसरून प्यायला आणि आठवताच थांबला, म्हणून त्याचा रोजा टिकला. 'अ'मध्ये नियत, म्हणजे रोजा ठेवण्याचा मनातला ठराव, नाही, 'क'मध्ये जाणूनबुजून मोडला. 'ड'मधल्या बाईने काही वाईट केलेले नाही. आजारात सूट आहे, पण तो रोजा तिने नंतर भरून काढायचा. "मोडला म्हणजे पाप" असे समीकरण मुलांच्या डोक्यात असते, ते इथेच सुटते.

प्रश्न 7. चंद्राचे वर्ष 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो. दहा वर्षांत 110 च्या आसपास. 19 फेब्रुवारी ते 7 जून मोजून बघायला लावा, 108 दिवस येतात. 'ड'ला भुलणाऱ्यांनी वर्षाचा फरक महिन्याला लावला आहे. हिवाळ्यातला छोटा दिवस आणि मे महिन्यातला लांब दिवस असे दोन्ही रोजे एकाच माणसाच्या वाट्याला येतात, हे कोणी आपणहून कारणात लिहिले तर पूर्ण गुण देऊन टाका.

प्रश्न 8. 'क' सोपा वाटतो पण घातक आहे. ऐपत आणि निवड यांत गल्लत होते.

प्रश्न 9. दोन चादरी पाहून मुले 'अ' किंवा 'ड'कडे जातील, कारण चित्रांत हज तशीच दिसते. 'ब' हा पर्याय सर्वांत लांब झाला आहे आणि चाणाक्ष मुले लांबीवरून उत्तर ओळखतात. म्हणून इथे कारण लिहिलेले नसेल तर पर्यायाचाही गुण देऊ नये, आणि हे पेपर वाटतानाच वर्गात सांगावे.