वायनरीच्या लेबलांचा करार: थोडक्यात

ताई, करार दोनदा वाचला. एकूण ६०,००० रुपये: सहीला १८,०००, लेबल मंजूर झाल्यावर २४,०००, छपाईच्या फाइली दिल्यावर १८,०००. मंजुरी मेलवरच हवी, पण त्यांनी उत्तरच दिलं नाही तर काय, हे कुठेच नाही. 'सात दिवसांत उत्तर नसेल तर मंजूर' हे वाक्य घालून घ्याच, नाहीतर मधला हप्ता लटकेल.

शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत कॉपीराइट तुमचाच, नंतर त्यांचा. मुदत लिहिलेली नाही. १९५७ च्या कायद्याने तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. नाकारलेली स्केचेस तुमची, द्राक्षवेलीचं ते सुंदर रेखाटनही.

करार मोडायला दोघांनाही १५ दिवसांची लेखी नोटीस. झालेल्या कामाचे पैसे मिळतील, आगाऊ रक्कम परत करायची नाही. वाद झाल्यास नाशिकचंच न्यायालय.