सोनूचं दप्तर आणि गृहपाठ: रोज संध्याकाळी (सोमवारपासून)

अहो, सोमवारपासून माझी सेकंड शिफ्ट आहे. अंबडहून घरी पोचायला साडेअकरा-बारा होतील, तोवर सोनू झोपलेली असेल. सकाळचं डबा, बाटली, वेणी मी बघते. संध्याकाळ तुमच्याकडे. तुमच्या मोबाईलमध्ये दोन गजर लावून ठेवलेत, ते बंद करू नका.

७.१५ – दप्तर रिकामं

शालिमारहून येऊन चहा झाला की आधी दप्तर, गृहपाठ नंतर. तिलाच सतरंजीवर सगळं ओतायला सांगा. तळाशी चुरगळलेली सूचना, अर्धा खाल्लेला लाडू, मैत्रिणीचा खोडरबर असं काही ना काही निघतंच. डबा लगेच मोरीत. तो रात्रभर दप्तरात राहिला तर सकाळी झाकण उघडवत नाही.

मग डायरी. आजचं पान बघा आणि कालचंही, कारण बाई कधीकधी सही झाली नाही म्हणून कालच्याच पानावर लाल शाईने लिहितात. सही वाचून करा. वर्गाच्या ग्रुपवरचे मेसेज साडेसातपर्यंत येतात, तेही तेव्हाच बघून घ्या. कार्डशीट, घोटीव कागद, रंगीत खडू असलं काही मागितलं असेल तर कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान नऊपर्यंत उघडं असतं. सकाळी आठला कुठून आणणार? व्हॅन ८.२० ला दारात येते.

७.३० – गृहपाठ

«गृहपाठ झाला का?» असं विचारूच नका. उत्तर कायम «हो» असतं. «दाखव» म्हणा. डायरीतली एकेक ओळ वाचा, ती वही उघडून दाखवेल. वर्गपाठाची वहीही चाळा. फळ्यावरचं अर्धवट उतरवलेलं असेल तर ते आजच पूर्ण करून घ्या, आठवड्याचं साठलं की रडारड होते.

चूक दिसली तर बोट ठेवून उत्तर सांगायचं नाही. «या ओळीत एक चूक आहे, शोध» एवढंच. तुम्हाला घाई होते आणि तुम्ही पेन्सिल हातात घेता, हे मला माहीत आहे. अक्षर तुमचं आहे हे बाईंना लगेच कळतं. हातच्याची वजाबाकी अजून कच्ची आहे. तिथे ती शून्यापाशी अडते, तेव्हा पाच मिनिटं गप्प बसा. नाहीच जमलं तर काडेपेटीतल्या काड्या घेऊन दहाचा गठ्ठा सोडून दाखवा. तरीही अडलं तर गणित तसंच ठेवून डायरीत लिहा: «घरी समजलं नाही.» बाई त्यावरून रागवत नाहीत.

परिसर अभ्यासाला आपला जिल्हा चालू आहे. नकाशात १५ तालुके भरायचे आहेत. पेठ आणि देवळा ती नेहमी विसरते आणि बागलाणच्या जागी सटाणा लिहिते, तालुक्याचं नाव बागलाण. आधी तिलाच मोजू द्या, किती झाले ते. निफाड आईंना विचारायला सांगा, माहेरचं नाव निघालं की त्या खुशीत सांगतात. (पण आठच्या आत. आठला त्यांची मालिका लागते, मग दोघीही उठत नाहीत.)

पाढे तोंडी, जेवताना. सातचा पक्का नाही, सात अठ्ठे छप्पन्नला अडखळते.

८.४५ – दप्तर भरणं

जेवण झाल्यावर उद्याचं वेळापत्रक तिने मोठ्याने वाचायचं, पुस्तक-वही तिनेच भरायची. तुम्ही फक्त ऐकायचं आणि शेवटी कंपासपेटी उघडून बघायची: टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी. शार्पनर आठवड्यातून एकदा हरवतो. जास्तीचे दोन फ्रिजवरच्या डब्यात आहेत.

«असू दे» म्हणून ती सगळीच पुस्तकं कोंबते. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको असा सरकारचा नियम आहे. ती २४ किलोची, म्हणजे दप्तर २.४ किलोच्या आत. शंका आली तर वजनकाट्यावर आधी तिला एकटीला, मग दप्तरासकट उभं करा आणि वजाबाकी तिलाच करायला सांगा. बाटली रिकामीच ठेवा, सकाळी मी भरते. भरली की तेवढ्यानेच अर्धा किलो वाढतो.

ओळखपत्र दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. शुक्रवारी रात्री कवायतीचा गणवेश आणि पांढरे बूट काढून ठेवा. शनिवारी शाळा लवकर असते, व्हॅन पावणेसातला येईल.

दप्तर भरून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलं की मला मेसेज करा, नुसतं «झालं» पुरे. काही राहिलं असेल तर काय राहिलं ते लिहा, सकाळी उठल्यावर बघते. फोन करायचाच झाला तर साडेसातच्या जेवणाच्या सुट्टीत करा, एरवी मोबाईल लॉकरमध्ये असतो.